पुढे वाकण्याची स्लाइड: श्वास कसा लिहावा, सूचना कुठे द्यावी

«ताई, मी बडोद्याचीच. योगशिक्षिकेचा कोर्स यंदा पूर्ण झाला. अगदी नवशिक्यांसाठी सात-आठ आसनांचा कॅरोसेल इंस्टाग्रामवर टाकायचाय, फोटो काढून झालेत. प्रत्येक आसनाला श्वास नेमका कसा लिहू? आणि कंबर, मान, गुडघा दुखणाऱ्यांसाठीच्या सूचना शेवटच्या स्लाइडवर एकत्र दिल्या तर चालेल ना?»

सूचनांचं आधी सांगते. शेवटच्या स्लाइडवर चालणार नाही. मी स्वतः तसंच केलं होतं, आणि त्यातून एका बाईला त्रास झाला.

दांडिया बाजारातल्या माझ्या वर्गाला आता बावीस वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी भाचीच्या मदतीने मी पहिला कॅरोसेल केला. नऊ स्लाइड होत्या. आठवर आसनं, आणि नववीवर लाल चौकटीत सगळ्या सूचना. चौथी स्लाइड पादहस्तासनाची होती. फोटोत मीच होते: गुडघे ताठ, तळवे जमिनीला टेकलेले, कपाळ नडग्यांना. खाली ओळ होती, «श्वास सोडून पुढे वाका, ३० सेकंद थांबा.» फोटो सुंदर आला होता, म्हणून तोच लोकांना सगळ्यात जास्त आवडला.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या इंदूरच्या नणंदेने त्या एकाच स्लाइडचा स्क्रीनशॉट काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपमध्ये बडोद्यातल्याच एक वहिनी होत्या. वय ४६, बँकेत खुर्चीवर बसून काम, वर्षभर अधूनमधून कंबर धरायची. त्यांनी त्या चित्राबरहुकूम रोज सकाळी सहाला अंथरुणातून उठल्या उठल्या वाकायला सुरुवात केली. नवव्या दिवशी विद्यार्थिनी त्यांना माझ्याकडे घेऊन आली. वहिनी खुर्चीच्या कडेवर एका कुल्ल्यावर भार देऊन बसल्या आणि म्हणाल्या, «कंबर तर बरीच कमी झाली हो, आता फक्त पोटरीत कळ येते.» त्यांना ती सुधारणा वाटत होती. ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

त्यांना नववी स्लाइड दिसलीच नव्हती, दिसायचा प्रश्नही नव्हता. कॅरोसेल म्हणून आपण एक अखंड वस्तू बनवतो, पण लोकांच्या हातात तिचे तुकडे पोचतात. इंस्टाग्रामही कधी कधी पहिली स्लाइड आधी दाखवून झाली असेल तर दुसऱ्या वेळी दुसरीच समोर आणतं. तेव्हा प्रत्येक स्लाइड एकटी बाहेर पडणार असं धरूनच लिहायचं. तिच्यावर आसन, श्वास आणि त्या आसनापुरती सूचना हे तिन्ही असलंच पाहिजे. जे तिच्यावर मावत नाही ते आसन नवशिक्यांच्या कॅरोसेलमध्ये घालायचं नाही. ही कसोटी लावल्यावर माझं पादहस्तासन आपोआप बाहेर गेलं, कारण त्याची सूचना त्याच्या चित्रापेक्षा मोठी होत होती.

आता सूचनेत काय लिहायचं. बहुतेक जण «कंबरदुखी असल्यास करू नये» एवढं लिहून मोकळे होतात. या वाक्याचा जवळजवळ काहीच उपयोग नाही. चाळिशीनंतर कंबर कधीच दुखली नाही असा माणूस शोधावा लागेल, त्यामुळे ज्याला आसन करायचंच आहे तो हे वाक्य ओलांडून जातो. आणि दुसरं मोठं कारण म्हणजे कंबरदुखी एका प्रकारची नसते. एकाला जे वाकणं बाधतं त्यातच दुसऱ्याला आराम पडतो.

वहिनींचा प्रकार चकतीचा होता. दोन मणक्यांमधल्या चकतीला बाहेरून चिवट तंतूंची कडी असतात आणि आत मऊ, ओलसर गर असतो. पुढे वाकलं की चकतीची पुढची बाजू दाबली जाते आणि गर मागे ढकलला जातो. मागची कडी आधीच कमजोर असतील तर तिथे फुगवटा येतो, आणि नेमक्या त्याच बाजूला पायाकडे जाणाऱ्या नसांची मुळं असतात. म्हणून दुखणं कंबरेतून कुल्ल्यात, मांडीत आणि गुडघ्याखाली उतरतं. खोकताना, शिंकताना कळ येते, बसून राहिलं की वाढतं, चार पावलं चाललं की बरं वाटतं. दुखणं खाली उतरणं हे वाईट लक्षण, आणि पोटरीतून वर सरकत पुन्हा कंबरेत गोळा होणं हे चांगलं लक्षण, मग कंबरेत तेवढा वेळ जास्त का दुखेना. हे उलटं वाटतं, म्हणूनच लिहून सांगावं लागतं. वहिनींनी नेमका इथेच उलटा अर्थ लावला.

त्यांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी जुळून आल्या होत्या. एक म्हणजे सकाळची वेळ. रात्रभर आडवं पडल्यावर चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची थोडी जास्त भरते ती त्यामुळेच. त्या टिच्च भरलेल्या अवस्थेत कंबरेतून वाकलं की चकतीवर आणि तिच्या बांधणीवर दिवसभरातल्यापेक्षा कितीतरी जास्त ताण येतो. उठल्यानंतरच्या पहिल्या तासात हे सगळ्यात जास्त असतं. आपल्याकडे योगासनं म्हणजे पहाटे उठून करायची असं मनात पक्कं बसलेलं आहे, आणि तुमचा कॅरोसेलही लोक सकाळीच उघडणार. म्हणून पुढे वाकण्याच्या स्लाइडवर मी «उठल्यापासून तासाभराने» असं स्पष्ट लिहिते.

दुसरी गोष्ट ताठ गुडघ्यांची. मांडीच्या मागचे स्नायू बसायच्या हाडापासून गुडघ्याच्या खाली जातात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचे ते आखडलेले असतात. गुडघे ताठ ठेवून वाकायला गेलं की हे स्नायू ओटीपोटाच्या हाडाला मागे धरून ठेवतात. जांघेतून वाकणं तिथेच थांबतं आणि उरलेलं सगळं वाकणं कंबरेच्या मणक्यांवर येतं. शिवाय ताठ पायाने वाकताना पायाची मोठी नसही ताणली जाते. डॉक्टर रुग्णाला उताणं झोपवून एक पाय सरळ वर उचलतात आणि कळ कुठे येते ते विचारतात, तेव्हा ते हाच ताण तपासत असतात. म्हणजे वहिनी रोज सकाळी तीस सेकंद स्वतःच ती तपासणी करत होत्या, दुखऱ्या नसेवर.

म्हणून माझ्या आताच्या कॅरोसेलमध्ये पुढे वाकणं आहे, पण ते स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी. ओटा साधारण कमरेच्या उंचीचा असतो आणि प्रत्येकाच्या घरात असतो. दोन्ही तळवे ओट्यावर ठेवायचे, एकेक पाऊल मागे जात जायचं आणि गुडघे मोकळे सोडून पार्श्वभाग मागे न्यायचा. पाठ डोक्यापासून माकडहाडापर्यंत लांब राहील तिथे थांबायचं. हात टेकलेले असल्यामुळे धडाचं वजन कंबरेला एकटीला पेलावं लागत नाही. तळवे जमिनीला लागण्याचा मोहच इथे उरत नाही.

त्या स्लाइडवरचा माझा मजकूर असाच्या असा देते. तुम्हाला हवा तर बदलून घ्या.

«ओट्याला धरून अर्धं वाकणं. श्वास सोडत पार्श्वभाग मागे न्या, गुडघे मोकळे. तिथे ३ श्वास, रोखायचा नाही. श्वास घेत एकेक पाऊल पुढे येत उभे राहा. उठल्यापासून तासाभराने करा. दुखणं कुल्ल्यातून किंवा मांडीतून खाली उतरत असेल, खोकताना पायात कळ येत असेल, तर हे आसन सोडा. हाडं ठिसूळ असल्याचं निदान असेल तर पाठ गोल करून वाकू नका.»

हे पन्नासच्या आसपास शब्द होतात. स्लाइडला हे जास्त आहेत हे मला माहीत आहे, बाकीच्या स्लाइडवर मी पंचवीस-तीसच्या वर जात नाही. पण या एका स्लाइडवर मी फोटो लहान केला आणि शब्द ठेवले. शेवटच्या वाक्याबद्दल लोक विचारतात, म्हणून सांगते. ठिसूळ झालेल्या मणक्याचा पुढचा भाग पाठ गोल करून वाकताना पिचू शकतो, आणि पुष्कळदा ते कळतही नाही, उंची कमी होते आणि पाठीला बाक येतो. रजोनिवृत्तीनंतरच्या बायका तुमच्या प्रेक्षकांत मोठ्या संख्येने असणार. त्यांना जांघेतून, पाठ लांब ठेवून वाकणं चालतं, गोल होऊन वाकणं चालत नाही.

आता याच्या उलट प्रकार. माझ्या वर्गात एक काका येतात, वय ७१. कमाटीबागेत चालायला जातात, दहा मिनिटांत दोन्ही पाय जड होऊन भरून येतात, बाकावर बसले की दोन मिनिटांत मोकळे होतात. भाजीच्या लारीवर हात टेकून पुढे वाकून उभे राहिले की तासभर भाजी निवडू शकतात. हा मणक्याच्या नळीचा मार्ग अरुंद झाल्याचा नमुना आहे. मागे वाकलं की ती नळी आणखी आवळते, पुढे झुकलं की थोडी मोकळी होते. काकांना ओट्यापाशी वाकणं गोड लागतं आणि भुजंगासनात पाय बधिर होतात. वहिनींना डॉक्टरांनी तपासल्यानंतर जे पहिलं मिळालं ते नेमकं पालथं झोपणं आणि कोपरावरचं छोटं भुजंगासन होतं. दोघंही «कंबरदुखीवाले». एका सूचनेत दोघांना बसवलं की एकाचं नुकसान ठरलेलं. म्हणून भुजंगासनाच्या स्लाइडवर मी लिहिते: «चालताना पाय भरून येतात आणि बसल्यावर बरं वाटतं, अशांनी हे सोडा. पालथं झोपल्यावर दुखणं पायाकडे जात असेल तर कोणीही थांबा.»

बघा, ठिसूळ हाडांची एक ओळ सोडली तर या सूचनांत मी कुठेही आजाराचं नाव घेतलेलं नाही. आजाराचं नाव माणसाला माहीत नसतं किंवा चुकीचं माहीत असतं. «मला गादी सरकली आहे» म्हणणारे निम्मे लोक शेजारणीच्या निदानावर बोलत असतात. पण चालताना काय होतं, खोकल्यावर कुठे कळ येते, हे प्रत्येकाला स्वतःच्या शरीरावरून सांगता येतं. सूचना लक्षणाच्या भाषेत लिहिली की वाचणारा तिथल्या तिथे स्वतःला ओळखतो.

आता श्वासाचं. माझ्या जुन्या ओळीत दुसरी चूक होती ती एका अक्षराची. «श्वास सोडून पुढे वाका.» मराठीत «सोडून» म्हणजे आधी सोडायचा, मग वाकायचं. वाचणाऱ्याने अगदी तेच केलं तर छाती रिकामी करून तो वाकतो, खाली गेल्यावर हवा लागते तेव्हा घाईने एक मोठा श्वास ओढतो आणि मग वर येईपर्यंत दाबून धरतो. मला हवं होतं «श्वास सोडत पुढे वाका», म्हणजे सोडणं आणि वाकणं एकाच वेळी. आपल्या गुजराती विद्यार्थ्यांसाठी लिहाल तेव्हाही हेच बघा, «छोडीने» आणि «छोडतां» यांत तोच फरक आहे. तोंडी शिकवताना ही चूक लपते, कारण आपला आवाजच लय देतो. कागदावर आवाज नसतो, तिथे «त» आणि «ऊन» यांवर सगळं अवलंबून असतं.

लिहिताना एक क्रम ठेवा: आधी श्वास, मग हालचाल, दोन्ही एकाच ओळीत. «श्वास घेत हात वर.» «श्वास सोडत हात खाली.» हालचाल आधी लिहून श्वास खालच्या ओळीत टाकला की माणूस हालचाल करून मोकळा होतो आणि मग श्वासाचं वाचतो. श्वास हालचालीच्या किंचित आधी सुरू व्हावा आणि तिच्या किंचित नंतर संपावा. हालचाल श्वासाच्या आत बसली पाहिजे. हे चित्रात दाखवायचं असेल तर एका स्लाइडवर दोन फोटो घ्या, सुरुवातीचा आणि शेवटचा, मध्ये बाण, आणि श्वासाचे शब्द त्या बाणावर. शेवटच्या स्थितीच्या एकाच फोटोखाली «श्वास सोडा» लिहिलं तर तिथे पोचल्यावर सोडायचा असाच अर्थ होतो.

कोणत्या हालचालीला कोणता श्वास, हे पाठ करण्यापेक्षा कारण लक्षात ठेवा. श्वास घेताना छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली उतरतो, बरगड्या उघडतात, छाती वर येते, म्हणून छाती उघडणाऱ्या आणि मागे वाकणाऱ्या हालचाली घेण्यासोबत. सोडताना पोट आत जातं, पुढे घडी पडायला जागा होते, म्हणून पुढे वाकणं आणि पीळ देणं सोडण्यासोबत. सेतुबंधात दोन पद्धती दिसतात, काही जण श्वास घेत कंबर उचलायला सांगतात. मी नवशिक्यांना सोडत उचलायला सांगते, कारण जोर लावताना माणसाचा श्वास आपोआप अडकतो आणि सोडायला सांगितलं की अडकत नाही. इथे मतभेद होऊ शकतो, पण एका कॅरोसेलमध्ये एकच पद्धत ठेवा.

आणि रोखून धरणं नवशिक्यांच्या स्लाइडवर कुठेही नको. श्वास दाबून जोर लावला की रक्तदाब त्या क्षणापुरता उसळतो. ज्यांचा रक्तदाब मुळात जास्त आहे, ज्यांना काचबिंदू आहे, हर्निया आहे, त्यांना हे धोक्याचं. माझी «३० सेकंद थांबा» ही ओळ त्यासाठीही वाईट होती. सेकंद सांगितले की लोक श्वास धरून आकडे मोजतात. सेकंदांऐवजी श्वास मोजायला सांगा, «३ श्वास थांबा», म्हणजे श्वास घेतल्याशिवाय मोजताच येत नाही. एवढ्या एका बदलाने वर्गातले निम्मे लाल झालेले चेहरे नाहीसे झाले.

आपल्याच डभोईत जन्मलेल्या, बडोद्यात प्राध्यापक माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेल्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि यौगिक क्रियांच्या वेळी शरीरात काय घडतं ते क्ष-किरण आणि दाबमापक लावून बघायला घेतलं. ज्या गावातून हे निघालं त्या गावात आपण «असं सांगितलेलं आहे म्हणून» एवढ्यावर श्वासाची सूचना लिहू नये असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक «घेत» आणि «सोडत» यांच्यामागचं कारण तुम्हाला कोणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

बाकीचा क्रम थोडक्यात. उताणं झोपून, गुडघे वाकवून, एक हात पोटावर ठेवून पाच-सहा सावकाश श्वास. मग मार्जारासन, पण छोट्या हालचालीचं: श्वास घेत छाती पुढे, सोडत पाठ वर. मनगट दुखत असेल तर मुठींवर किंवा कोपरांवर, गुडघा दुखत असेल तर खाली घडी केलेली गोधडी. मग उभं राहून ताडासन, श्वास घेत हात वर. ज्यांचा खांदा आखडला आहे त्यांनी हात खांद्याच्या उंचीपर्यंतच, दुसऱ्या हाताने ओढून वर न्यायचा नाही. त्यानंतर ओटा, मग कोपरावरचं भुजंगासन, त्यात हनुवटी उचलून छताकडे बघायचं नाही, नजर समोरच्या जमिनीवर, मानेच्या सगळ्या तक्रारी तिथेच टळतात. मग सेतुबंध, मग शवासन, गुडघ्यांखाली लोड घेऊन. शवासनातून उठताना कुशीवर वळून हाताने रेटा देऊन उठायचं. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना झटकन उठल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून शवासनाच्या स्लाइडवर ही ओळ हवीच. वज्रासन मी मुद्दाम घेतलेलं नाही. गुडघ्याची सूचना त्याला इतकी चिकटून येते की ते समोर बसवूनच शिकवावं. गरोदर बायकांसाठी हा क्रम नाही, हे पहिल्या स्लाइडवरच एका ओळीत लिहा.

फोटो झालेत म्हणता, तरी एकदा बघून घ्या. फोटोत तुम्ही तुमच्या पूर्ण लवचिकतेत असाल तर ओळीत कितीही «जमेल तितकंच» लिहा, लोक चित्राचं ऐकतात. मी आता ओट्याच्या स्लाइडवर माझ्या वर्गातल्या ५८ वर्षांच्या काकूंचा फोटो वापरते, त्यांच्या लेखी परवानगीने. त्यांचे गुडघे वाकलेले आहेत, पाठ जमिनीला समांतर नाही, तिरकी आहे. घरी बसलेल्या बाईला ते आपलं वाटतं. कॅमेरा कमरेच्या उंचीवर आणि अगदी बाजूने हवा. वरून तिरका धरला की कोन खोटा दिसतो, पाठ आहे त्यापेक्षा जास्त वाकलेली वाटते. कपडे भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाचे आणि अंगालगतचे असावेत, म्हणजे वाकणं जांघेतून होतंय की कंबरेतून, ते दिसेल. ढगळ कुर्त्यात कंबरेचा बाक झाकला जातो, आणि नेमकं तेच तर दाखवायचं असतं. अक्षरं किती मोठी ठेवायची ते फोन हात लांब करून धरून ठरवा. साठीच्या माणसाला चष्म्याशिवाय सूचना वाचता आली नाही तर ती नसल्यातच जमा.

मग शेवटच्या स्लाइडवर काय? तिथे आसनांच्या सूचना नकोत, पण एक गोष्ट हवी जी कोणत्याच आसनाची नाही. मांड्यांच्या मधला, सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधिर होणं, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं किंवा लघवी अडकणं, चालताना पाऊल लोंबकळणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठायचं. मणक्यातल्या नसांचा जुडगा दाबला गेल्याची ही लक्षणं असू शकतात आणि तिथे तासांना किंमत असते. तेवढंच लिहा, मोठ्या अक्षरात, फोटोशिवाय.

वहिनींना मी त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि तोपर्यंत सगळं पुढे वाकणं बंद करायला सांगितलं, अगदी वाकून चूळ भरणं आणि बुटांची नाडी बांधणंसुद्धा. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली चकती होती. पावलातली ताकद शाबूत होती, म्हणून शस्त्रक्रियेचा विषय निघाला नाही. औषधं आणि फिजिओथेरपी सुरू झाली. त्यांच्या फिजिओथेरपिस्टशी मी फोनवर बोलून घेतलं आणि वर्गात त्यांना तेवढंच करू दिलं: उताण्याने पोटाचे श्वास, मग पालथं पडून राहणं, मग कोपरावर उठणं, पाच-पाच श्वास. दर वेळी एकच प्रश्न विचारायचा, आत्ता दुखणं कुठपर्यंत आहे. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस पोटरी सुटली, दुखणं मांडीपर्यंत राहिलं. मध्ये एकदा लग्नाला जाऊन चार तास कारमध्ये बसून आल्या तेव्हा पुन्हा पोटरीत उतरलं, दोन दिवसांत परत वर आलं. सहाव्या आठवड्यात फक्त कंबर दुखत होती आणि या वेळी ती खरी सुधारणा होती. ओट्यापाशी वाकणं त्यांनी तीन महिन्यांनी सुरू केलं, संध्याकाळी. पादहस्तासन मी त्यांना पुन्हा शिकवलेलं नाही, आणि शिकवणारही नाही.

जुना कॅरोसेल मी त्याच दिवशी काढून टाकला, पण तो स्क्रीनशॉट अजून कुठे कुठे फिरत असेल ते माझ्या हातात नाही. म्हणून आता नवीन काही टाकण्याआधी मी मधलीच एक स्लाइड, मागचंपुढचं काही न सांगता, कंबर दुखणाऱ्या एखाद्या ओळखीच्या बाईला पाठवते आणि फोन करून विचारते, «हे बघून तुम्ही काय कराल ते मला बोलून दाखवा.» ओट्याची स्लाइड पहिल्यांदा पाठवली तेव्हा त्यात «श्वास सोडत मागे जा» असं होतं. पलीकडून काकू म्हणाल्या, «म्हणजे श्वास सोडायचा आणि मागे सरकायचं, पण वाकायचं कधी?» त्या ओळीत पार्श्वभाग हा शब्दच नव्हता. तुमची चौथी स्लाइड अशीच कोणाला तरी पाठवून बघा आणि त्या काय म्हणतात ते ऐकून मग टाका.